विश्लेषण : बंद पडलेल्या अणुभट्टीलाही पाणी का पाजावे लागते?

युक्रेनमधील झापोरिझ्झिया अणुऊर्जा केंद्राच्या सहाही अणुभट्ट्या सप्टेंबर २०२२पासून वीज तयार करत नाहीत. तरीही २३ सप्टेंबर २०२५ रोजी या केंद्राला बाहेरून येणारी वीज तुटली आणि जवळपास महिनाभर केंद्र डिझेल जनरेटरवर चालवावे लागले, तेव्हा जगभर काळजी व्यक्त झाली. त्या काळात आमच्या डेस्कवर वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत होता. भट्ट्या तीन वर्षे बंद आहेत, मग भीती कशाची?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तारापूरला चार अणुभट्ट्या आहेत आणि डिसेंबर २०२५मध्ये संसदेने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करणारा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे ‘बंद’ या शब्दाचा अणुभट्टीच्या बाबतीत नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायला हवे.

खोपोलीची झडप आणि तारापूरची भट्टी

सुरुवात घराजवळून करू. खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५पासून आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी मोठ्या पाइपांतून घाट उतरून येते, टर्बाइन फिरवते आणि पुढे पाताळगंगेत जाते. या केंद्राची क्षमता आहे ७२ मेगावॅट. कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे केंद्रही साधारण तेवढेच. इंजिनीअरिंगला असताना अशा एका केंद्रात आमची औद्योगिक भेट झाली होती. तिथल्या ऑपरेटरने झडप दाखवून सांगितले होते, ‘ही लावली की विषय संपला.’ खरेच संपतो. पाणी थांबले की टर्बाइन थोड्या वेळात थांबते, आणि मग केंद्रात कुणी नसले तरी काही बिघडत नाही.

आता तारापूरच्या तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाची अणुभट्टी घ्या. तिच्यातून ५४० मेगावॅट वीज मिळते, पण त्यासाठी भट्टीत सुमारे १,७३० मेगावॅट उष्णता तयार होते. बाकीची उष्णता समुद्राच्या पाण्यात जाते. ही भट्टी पूर्ण क्षमतेने चालू असताना कंट्रोल रूममधून बंद केली, तर साखळी अभिक्रिया काही सेकंदांत थांबते. पण त्या क्षणी इंधनात तयार होणारी उष्णता शून्यावर येत नाही. ती मूळच्या सहा-साडेसहा टक्क्यांवर येते. १,७३० मेगावॅटचे साडेसहा टक्के म्हणजे ११२ मेगावॅट.

म्हणजे ‘बंद’ केलेली ही भट्टी पहिल्या क्षणी खोपोलीच्या संपूर्ण केंद्राच्या दीडपट ऊर्जा बाहेर टाकत असते, आणि तीही थेट उष्णतेच्या रूपात. इंग्रजीतून आलेला रूढ शब्द आहे ‘डिके हीट’. मराठीत क्षय-उष्णता म्हणता येईल.

ही उरलेली धग नव्हे

इथे एक गैरसमज हमखास होतो. कर्जत-खालापूर पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. भट्टी विझल्यावरही विटा कितीतरी दिवस गरम राहतात, हे आपण पाहिलेले असते. अणुभट्टीचेही तसेच असेल, असे वाटते. पण वीटभट्टीत आधी साठलेली उष्णता हळूहळू बाहेर पडते, नवी उष्णता तयार होत नाही. तिला कुणी पाणी घातले नाही तर ती उशिरा निवेल, इतकेच. अणुभट्टीत मात्र बंद केल्यानंतरही दर सेकंदाला नवी उष्णता तयार होत राहते. ती बाहेर नेली नाही तर भट्टी निवत नाही, उलट तापत जाते.

कारण असे. न्यूट्रॉन आदळून युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे आयोडीन, झेनॉन, सिझियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम अशी मूलद्रव्ये. पण ती आपल्या ओळखीच्या स्थिर रूपात नसतात. त्यांच्यात न्यूट्रॉन जास्त असतात. स्थिर होण्यासाठी ती किरण आणि कण बाहेर टाकतात आणि त्याची ऊर्जा इंधनातच उष्णता होऊन मुरते. कंट्रोल रॉडचे काम न्यूट्रॉन शोषून पुढचे अणू फुटू न देण्याचे. जे आधीच फुटून गेले आहेत, त्यांच्या तुकड्यांवर कंट्रोल रॉडचा काहीच अधिकार चालत नाही. दाब, तापमान, रसायन यांपैकी कशानेही या क्षयाचा वेग बदलत नाही. म्हणून या उष्णतेला बंद करायचे बटण नाही आणि ते कुणाला बनवताही येणार नाही.

या तुकड्यांपैकी काहींचे अर्धायुष्य काही सेकंदांचे असते. आयोडीन-१३१चे आठ दिवस, तर सिझियम-१३७चे सुमारे तीस वर्षे. अल्पायुषी तुकडे लवकर संपतात म्हणून उष्णता सुरुवातीला झपाट्याने घसरते. नंतर दीर्घायुषी उरतात आणि घसरण रेंगाळते. तारापूरच्या त्याच भट्टीसाठी मी पुस्तकातल्या सूत्राने ढोबळ हिशेब केला. ११२ मेगावॅटची उष्णता तासाभरात २० ते २५ मेगावॅटवर येते. पूर्ण दिवसानंतर आठ-नऊ मेगावॅट उरते. महिन्यानंतरही दोन मेगावॅटच्या आसपास असते. पहिल्या तासात चार पंचमांश काम निसर्गच करतो, पण उरलेल्यासाठी तो अजिबात घाई करत नाही.

टँकरच्या भाषेत

मेगावॅटने अंदाज येत नाही, म्हणून उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजू. साधे पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायची, तर एक मेगावॅट उष्णता तासाला सुमारे १,४०० लिटर पाणी संपवते. बंद झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांत ५४० मेगावॅटच्या भट्टीची क्षय-उष्णता केवळ पाणी उकळून बाहेर काढायची झाली, तर साधारण चाळीस टँकर लागतील. दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीला तासाला एक टँकर. महिन्यानंतर दिवसाला सहा-सात.

आकडे तसे भयंकर नाहीत. एखाद्या गावाच्या नळयोजनेपुढे ते किरकोळ आहेत. मग अडते कुठे? पाणी असते, पण ते योग्य जागी, योग्य दाबाने, वेळेत पोहोचवायचे असते, आणि नेमके तेव्हाच वीज गेलेली असते. वीज तयार करणारे केंद्र बंद झाले की ते स्वतःच विजेचे गिऱ्हाईक होते. पंप, झडपा, मापक, दिवे सगळे बाहेरच्या ग्रिडवर किंवा डिझेल जनरेटरवर. खोपोलीत उलट आहे. तलावातले पाणी खाली येण्यासाठी कुणाच्या विजेची वाट पाहत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा पुरवठा पूर्ववत करण्याच्या कामात टाटांचे जलविद्युत संच होते, ते यामुळेच.

नरोरा, ३१ मार्च १९९३

क्षय-उष्णता काय असते, हे भारताने एका पहाटे अनुभवले आहे. उत्तर प्रदेशात गंगेकाठी नरोरा अणुऊर्जा केंद्र आहे. तिथला पहिला संच २२० मेगावॅट क्षमतेचा, जड पाण्याच्या प्रकारचा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या याच घराण्यातल्या, आकाराने मोठ्या.

त्या पहाटे साडेतीनच्या सुमारास संच १८५ मेगावॅटच्या आसपास वीज देत होता. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातील दोन पाती थकून तुटली. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनचा तोल गेला आणि प्रचंड हादरे बसले. जनरेटर थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजन गळून पेटला, वंगणाच्या तेलानेही पेट घेतला. ऑपरेटरनी मिनिटभराच्या आत अणुभट्टी बंद केली. साखळी अभिक्रिया थांबली. बातमी इथेच संपायला हवी होती.

पण आग केबलच्या ट्रेंपर्यंत गेली. सात-आठ मिनिटांत केंद्रातली सगळी वीज गेली. इथे महत्त्वाचे हे की बाहेरचे ग्रिड शाबूत होते आणि डिझेल जनरेटरही होते. एक बंद पडले तर दुसरे, या हिशेबाने केलेली सगळी पर्यायी व्यवस्था जागेवर होती. मात्र त्या सगळ्यांच्या केबल जवळजवळ होत्या आणि मध्ये आग अडवणारी पुरेशी भिंत नव्हती. म्हणून एकाच आगीत मुख्य आणि पर्यायी दोन्ही गेल्या. वीज होती, तिला जायला रस्ता नव्हता. कंट्रोल रूममध्ये धूर भरला आणि कर्मचाऱ्यांना ती सोडावी लागली. ही स्थिती सतरा तास टिकली.

बंद होण्याच्या क्षणी भट्टीत चाळीसएक मेगावॅट क्षय-उष्णता असावी. वीज गेली तोवर ती बारा-पंधरा मेगावॅटवर आली असेल. हा पुन्हा माझा ढोबळ हिशेब. पंप एकही चालू नाही. मग इंधन वितळले का नाही?

गच्चीवरचा सोलर हीटर

घराच्या गच्चीवर बसवलेला सोलर वॉटर हीटर आठवा. त्याची टाकी वर आणि काचेचे पॅनेल खाली असते. साध्या हीटरमध्ये पंप नसतो. पॅनेलमध्ये तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, टाकीतले गार पाणी जड म्हणून खाली उतरते. हे चक्र आपोआप चालते. नरोराच्या भट्टीत हेच घडले. या प्रकारच्या केंद्रात वाफ तयार करणारे मोठे बॉयलर भट्टीपेक्षा उंचावर बसवलेले असतात. भट्टीतले तापलेले जड पाणी वर चढले, बॉयलरच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता दुसऱ्या बाजूच्या साध्या पाण्याला देऊन निवले आणि परत खाली आले. पंपाशिवाय.

पण हा अर्धाच उपाय आहे. बॉयलरच्या दुसऱ्या बाजूचे साधे पाणी उकळून वाफ होऊन जात राहते. ते संपले की उष्णता घ्यायला कुणीच उरत नाही आणि चक्र निरुपयोगी ठरते. म्हणून कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेलवर चालणारे पंप सुरू करून त्यांचे पाणी बॉयलरमध्ये सोडले. या पंपांना विजेची गरज नव्हती, हे नशीब म्हणा किंवा आराखडा करणाऱ्याची दूरदृष्टी.

यातही एक मेख होती. चालू बॉयलरमध्ये दाब फार असतो. आगीच्या पंपाचा जोर त्यापुढे कमी पडतो, पाणी आत शिरतच नाही. आधी झडपा उघडून वाफ बाहेर सोडायची, दाब उतरवायचा, मगच हे पाणी आत जाते. म्हणजे अंधारात, धुरात, ठरलेल्या क्रमाने ठरलेली कामे हाताने करायची. काही कर्मचारी टॉर्च घेऊन इमारतीत वर चढले आणि झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. त्याचा हेतू वेगळा होता. भट्टी निवताना साखळी अभिक्रिया पुन्हा डोके वर काढू नये, यासाठी तो बंदोबस्त होता. उष्णतेवर बोरॉनचा काही इलाज नाही.

सतरा तासांत नरोराच्या भट्टीतून किती क्षय-उष्णता निघाली असेल? हिशेब केला तर ती शंभर-सव्वाशे टन पाण्याची वाफ करण्याइतकी भरते. दहा-बारा टँकर. त्या पहाटेची सगळी लढाई एवढ्या पाण्याची होती. इंधनाला इजा झाली नाही, किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला सातपैकी तिसरी पायरी देण्यात आली. त्यानंतर देशातील केंद्रांमध्ये केबलचे मार्ग वेगळे करणे, आगरोधक अडथळे उभारणे आणि टर्बाइनची पाती बदलणे ही कामे झाली.

फुकुशिमात काय चुकले?

नरोरात जमले ते १८ वर्षांनी फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत जमले नाही. ११ मार्च २०११ला भूकंप झाला तेव्हा ती व्यवस्थित बंद झाली होती. पाऊण तासाने त्सुनामी आली, जनरेटर आणि बॅटऱ्या बुडाल्या. या भट्टीत विजेशिवाय थंडावा देणारी एक सोय होती. भट्टीची वाफ उंचावरच्या पाण्याच्या टाकीतून फिरवायची, तिचे पाणी करायचे आणि ते वजनाने परत भट्टीत उतरवायचे. तत्त्व तेच, गच्चीवरच्या हीटरचे. पण भट्टी फार वेगाने निवू नये म्हणून ऑपरेटर या व्यवस्थेच्या झडपा मधूनमधून बंद-चालू करत होते. लाट आली तेव्हा त्या बंद होत्या. मग वीज गेली आणि यंत्रणा चालू आहे की नाही हेच कुणाला नीट कळेना.

त्याहून वाईट म्हणजे मापकाने खोटे सांगितले. रात्री नऊच्या सुमारास पाण्याची पातळी दाखवणारे यंत्र तात्पुरत्या बॅटरीवर पुन्हा सुरू केले. त्याने इंधनाच्या वर पाणी असल्याचे दाखवले. प्रत्यक्षात इंधन तोवर उघडे पडले होते. हे मापक एका उभ्या नळीतल्या पाण्याशी तुलना करून पातळी सांगते. उष्णतेने त्या नळीतलेच पाणी उडून गेले, त्यामुळे भट्टीत आहे त्यापेक्षा जास्त पाणी दिसू लागले. अशा वेळी एका काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. दाब काय म्हणतो, इमारतीत किरणोत्सर्ग वाढतोय का, हे जुळवून पाहावे लागते. त्या रात्री इमारतीतला किरणोत्सर्ग वाढल्याचे दिसले आणि खरी स्थिती उमगू लागली.

पाणी उतरून इंधन उघडे पडले की पुढचा प्रवास वेगाने होतो. इंधनावर झिर्कोनियम मिश्रधातूचे आवरण असते. ते १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफेशी जोरात अभिक्रिया करते. त्यातून हायड्रोजन तयार होतो आणि आणखी उष्णताही. म्हणजे आतापर्यंत क्षय-उष्णता एकटी होती, आता तिला जोड मिळते. याच हायड्रोजनचा दुसऱ्या दिवशी दुपारी स्फोट झाला आणि आपण टीव्हीवर पाहिले ते छप्पर उडाले.

तारापूरचे काय?

कर्जतपासून तारापूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९च्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या, फुकुशिमाच्याच उकळत्या पाण्याच्या घराण्यातल्या. त्यांच्यातही वाफ टाकीतून फिरवून निववणारी तशी सोय आहे. म्हणून फुकुशिमानंतर भारतीय अणुऊर्जा महामंडळाने सर्व केंद्रांची तपासणी केली, तेव्हा या जोडीकडे बारकाईने पाहिले गेले. त्यातून पुढे आलेल्या सुधारणा ऐकायला साध्या वाटतील. बाहेरून, म्हणजे अगदी अग्निशमन गाडीतूनही, भट्टीत पाणी देता येईल अशी जोडणी करणे. हलवता येणारे डिझेल जनरेटर आणि पंप ठेवणे.

तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांची जमेची बाजू वेगळी आहे. त्यांत इंधनाच्या नळ्यांभोवती जड पाण्याची मोठी टाकी असते आणि तिच्याभोवती साध्या पाण्याने भरलेला हौद. बॉयलरचा मार्ग बंद झालाच, तर उष्णता शोषायला हे पाणी काही तास हाताशी राहते. पण ‘काही तास’ हेच त्याचे माप. तेवढ्यात बाहेरून पाणी पोहोचवावेच लागते. त्यामुळे नव्या प्रकल्पाची माहिती देताना ‘भट्टी दोन सेकंदांत बंद होते’ असे कुणी सांगितले, तर ते खरे असते, पण ते सोप्या प्रश्नाचे उत्तर असते. सगळी वीज गेली तर माणसाने हात न लावता किती तास निभेल, आणि त्यानंतरचे पाणी कुठून, कोणत्या पंपाने येईल, हे विचारावे. सार्वजनिक सुनावणीत हा प्रश्न मराठीतही विचारता येतो.

आणि तीन वर्षांनी?

आता पुन्हा झापोरिझ्झियाकडे. ६ जून २०२३ला काखोव्का धरण फुटले आणि ज्या जलाशयातून केंद्राला पाणी मिळे तो आटला. भट्ट्या चालू असत्या तर हा मोठाच पेच होता. पण त्या थांबून महिने लोटले होते आणि क्षय-उष्णता घसरली होती. म्हणून केंद्राच्या आवारात अकरा विहिरी खोदून भट्ट्या आणि वापरलेल्या इंधनाचे हौद गार ठेवण्यापुरते पाणी मिळवता आले. भट्टीतून काढलेले इंधन काही वर्षे अशाच हौदात ठेवावे लागते, तारापूरलाही. पुरेसे निवल्यावरच ते कोरड्या पिंपांत ठेवून नुसत्या हवेवर सोडता येते.

२०२५च्या त्या महिनाभरात डिझेल जनरेटर हेच पाणी फिरवण्याचे काम करत होते. एखादा जनरेटर बंद पडला असता, तर फुकुशिमासारखी काही तासांत धावपळ झाली नसती. इतक्या जुन्या उष्णतेत पाणी तापून उकळायला, मग उतरायला खूप वेळ लागतो आणि तेवढ्यात दुरुस्ती करता येते. २३ ऑक्टोबरला बाहेरची वीजवाहिनी पुन्हा जोडली गेली आणि जनरेटर बंद करण्यात आले. पंप मात्र चालूच राहिले.